"दुर्लक्ष करा" सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

"बॉर्डरलाइन वगैरे डॉक्टरांची नवी फॅशन आहे. ही माणसं लक्ष वेधायला नाटक करतात. दुर्लक्ष करा, आपोआप सरळ होतात. मरायची धमकी देणारा कधी मरत नाही. आणि शेवटी स्वभावाला औषध नाही!"
(फॅमिली ग्रुपवर फिरणारा मेसेज)

फॅशनचं पटकन आटपते. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे भावना आणि नाती सांभाळणं फार अवघड करणारा मानसिक आजार, हे निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत 1980 पासून आहे.

नाटकाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. समुपदेशनात ऐकलेला एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मुलगी 22 वर्षांची, हॉस्टेलवर राहणारी. आई म्हणाली होती, आठला फोन करते. घरी पाहुणे आले, फोन राहिला. सव्वाआठला मुलीला धाकधूक सुरू झाली, साडेआठला आई रागावल्याची खात्री पटली, नऊला "तुम्हाला मी नकोच आहे" असे सात मेसेज गेले. साडेनऊला आईने फोन केला, कारण सांगितलं, चुकलं म्हणाली. एरवी विषय तिथेच मिटला असता. हिचं रडणं रात्री एकपर्यंत थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःचीच इतकी लाज वाटली की तिने फोन बंद ठेवला.

डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणजे डीबीटी, उभी करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन या त्रासाचे तीन धागे सांगतात. भावना लवकर पेटते, जास्त तीव्रतेने पेटते आणि विझायला फार वेळ घेते. (किशोरवयात आपणही अशाच यातनांपायी रुग्णालयात होतो, हे त्यांनी 2011 मध्ये जाहीरपणे सांगितलं.) घरच्यांच्या नजरेतून निसटतो तो तिसरा धागा. कारण संपलं तरी शरीर अजून पेटलेलंच असतं, आणि त्यात कुणी "अजून रडतेयस?" म्हटलं की नवी ठिणगी पडते. शिवाय स्वतःला इजा करणारे कितीतरी जण त्या खुणा पूर्ण बाह्यांखाली लपवतात. ती इजा बहुतेकदा असह्य झालेली भावना क्षणभर उतरावी म्हणून केलेली असते.

दुर्लक्षाचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो वरवर शहाणपणाचा दिसतो. घरात प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. मुलगी "मला बरं वाटत नाहीये" म्हणते, कुणी लक्ष देत नाही. ती रडते, तरी नाही. मग ती ओरडते किंवा गोळ्यांची बाटली हातात घेते, आणि सगळं घर धावतं. मुद्दाम कुणी काही शिकवत नसतं आणि तीही काही आखत नसते, पण हळू बोललेलं इथे ऐकू जात नाही एवढं मेंदू टिपून ठेवतो. पुढच्या वेळी आवाज आधीच चढतो. म्हणून लक्ष द्यायचं ते पहिल्या, साध्या वाक्याला.

लक्ष देणं म्हणजे होला हो करणं नव्हे. "तुला मी नको आहे" हे खरं नाही, तेव्हा ते मान्य करायचं नाही. पण "आठ वाजून गेले, फोन नाही, म्हणून तू घाबरलीस" हे खरं आहे, ते तसंच म्हणायचं. मग थोडं थांबायचं. खुलासा त्यानंतर. आपल्याकडे उलट होतं, आधी खुलासा, मग उपदेश. मर्यादाही घालाव्यात: "शिवीगाळ झाली तर मी फोन ठेवीन आणि अर्ध्या तासाने पुन्हा करीन." हे शांत वेळी सांगायचं, आणि अर्ध्या तासाने खरंच फोन करायचा.

धमकीबद्दलचं वाक्य तर कुणी पुढे पाठवूच नये. या आजारात आत्महत्येचा धोका खरा असतो आणि आधी बोलून दाखवलेलं असणं हे धोक्याचंच लक्षण. "जीव द्यायचा विचार येतोय का?" असं सरळ विचारावं, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, गोळ्या, कीटकनाशकं हाताशी ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

राहिली ती म्हण. गंमत अशी, की ती अर्धी खरी आहे! बॉर्डरलाइनवर नेमकं असं औषध नाही. गोळ्या असतात त्या बहुधा सोबतच्या नैराश्यासाठी वगैरे. मुख्य उपचार डीबीटीसारखी मानसोपचार पद्धती. पण बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयाने 290 रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा 10 वर्षांत 90 टक्क्यांहून अधिक जणांची लक्षणं किमान दोन वर्षं निदानाच्या रेषेखाली राहिली. नोकरी आणि नातीही नीट सावरलेले मात्र निम्मेच होते. स्वतःला इजा करणं तुलनेने लवकर सुटतं, एकटं पडण्याची भीती आणि राग मागे रेंगाळतात.

त्या आईने आता एकच सवय लावून घेतली आहे. फोन राहणार असं दिसलं की आठच्या आत मेसेज जातो: "पाहुणे आलेत, साडेनऊला करते." मध्ये एकदा तोही राहिला. मुलीचे दोन मेसेज आले, दुसरा असा: "मला भीती वाटतेय, पण थांबते."