बॅच मोठी म्हणजे नग स्वस्त? जरा थांबा

«बॅच कॉस्टिंगमध्ये शिकण्यासारखं काही नाही. बॅच जितकी मोठी तितका सेटअप जास्त नगांवर वाटला जातो, म्हणून नग स्वस्त. बॅचचा खर्च भागिले नग, झाली कॉस्ट पर युनिट. ईबीक्यू, म्हणजे वर्षाचा सेटअप आणि साठवण मिळून सगळ्यात कमी खर्चाची बॅच, विचारला तर प्रश्नातले आकडे सूत्रात टाका आणि येईल तेवढीच बॅच घ्या. जॉब कॉस्टिंगलाही हेच चालतं.»

असं म्हणणारे भेटतात. एक पितळी बुश घेऊ आणि या म्हणण्यातले सगळे मुद्दे त्याच्यावरच तपासू. वर्षाची मागणी १८,००० नग, तीही वर्षभर सारखी. प्रत्येक सेटअपला, म्हणजे बॅचआधी मशीन लावायला, ६०० रुपये. तयार नग स्टोअरमध्ये ठेवायचा खर्च नगामागे महिन्याला २० पैसे. एका नगाला १२ रुपयांचा बार लागतो. लेथ तासाला २० नग काढते, ऑपरेटरचा दर तासाला ६० रुपये आणि मशीन अवर रेट १०० रुपये. म्हणजे नगामागे मजुरी ३ आणि मशीन ५ रुपये. आकडे सोयीचे घेतले आहेत, पण घडण खरीच आहे.

नग स्वस्त होतो, पण कुठल्या कागदावर?

३,००० ची बॅच काढली तर नगामागे सेटअप २० पैसे पडतो. ६,००० ची काढली तर १० पैसे. वर्षाचा माल एकदाच काढला तर साडेतीन पैसेही नाही. इथपर्यंत म्हणणं बरोबर आहे. गोची अशी की माल स्टोअरला गेला की बॅचचं कार्ड बंद होतं, आणि साठवणीचा खर्च त्यानंतर सुरू होतो. अडकलेल्या पैशाचं व्याज, जागेचं भाडं, पितळ काळं पडलं तर पुन्हा पॉलिश, हे त्या कार्डावर कधीच येत नाही. ते ओव्हरहेडमध्ये जाऊन बसतं आणि कुठल्या बॅचमुळे आलं ते दिसत नाही.

दोन्ही खर्च एकत्र मांडा. सरासरी साठा बॅचच्या निम्मा धरतात, कारण माल हळूहळू उचलला जातो. ३,००० च्या बॅचला वर्षात ६ सेटअप, ३,६०० रुपये. सरासरी साठा १,५००, वर्षाला २.४० रुपयांनी ३,६०० रुपये. एकूण ७,२००. ६,००० च्या बॅचला सेटअप १,८०० वर येतो, पण साठवण ७,२०० होते, एकूण ९,०००. सगळे १८,००० एकदम काढले तर सेटअप फक्त ६०० आणि साठवण २१,६००, म्हणजे २२,२०० रुपये. कार्डावर सगळ्यात स्वस्त दिसणारी बॅच सगळ्यात महाग पडली.

जॉबचं मात्र वेगळं. गिऱ्हाइकाने एकदाच ३,००० बुश मागितले आणि सगळे एका टेम्पोत गेले, तर साठा राहतच नाही. मागणी पुन्हा येणार याची खात्री नाही. तिथे जॉब कार्ड लिहा, सेटअप पूर्ण त्या जॉबवर टाका आणि ईबीक्यूचं नाव काढू नका.

सूत्रात ‘आकडे टाकणं’ हाच खरा प्रश्न आहे

```
EBQ = √(2 × D × S ÷ C)
```

S म्हणजे एका सेटअपचा खर्च. D वर्षाची मागणी असेल तर C हा एका नगाचा वर्षाचा साठवण खर्च हवा. प्रश्नात बहुतेकदा तो महिन्याचा देतात, आणि मुलं तिथेच अडकतात. इथे C = ०.२० × १२ = २.४० रुपये आणि उत्तर ३,०००. बारानं गुणायचं विसरलं तर उत्तर १०,३९२ येतं, म्हणजे बाराच्या वर्गमूळाइतकं, साधारण ३.४६ पट मोठं. C ऐवजी ‘उत्पादन खर्चावर १२ टक्के’ असं दिलं असेल तर आधी तो टक्का नगाच्या खर्चावर काढून रुपये करा; नगाची किंमतच C म्हणून टाकणारेही कमी नाहीत.

पडताळा सोपा आहे: ईबीक्यूला वर्षाचा सेटअप खर्च आणि वर्षाचा साठवण खर्च सारखे येतात. पण पडताळ्यातही चुकून २० पैसेच धरले तर १०,३९२ ला दोन्ही बाजू १,०३९ येतात आणि चूक स्वतःलाच बरोबर म्हणते. म्हणून पडताळ्यात साठवणीचा दर प्रश्नातून पुन्हा वाचून वर्षाचा करा. मग दिसेल: एका बाजूला १,०३९, दुसऱ्या बाजूला १२,४७०.

S चंही नीट बघा. आपले ६०० रुपये असे आले: सेटरचे ३ तास, तासाला १२० प्रमाणे ३६०, आणि जॉ बदलून, ऑफसेट जमेपर्यंत वाया गेलेले २० नग, बारच्या भावाने २४०. त्या ३ तासांत मशीन अडकलं म्हणून कॉस्ट शीटवर आणखी ३०० रुपये मशीन अवर रेटने चढतात, ते योग्यच. पण त्या रेटमध्ये मुख्यतः घसारा आणि भाडं असेल, तर सेटअप सहा केले काय नि पाच केले काय, ते तेवढंच राहणार. मशीन रिकामं असताना ते ३०० रुपये S मध्ये घातले तर ईबीक्यू फुगून ३,६७४ होतो. मशीन फुल लोडवर असेल तर गोष्ट बदलते, कारण तिथे दर सेटअपला दुसरं काम खरंच बुडतं. परीक्षेत ‘सेटअप खर्च’ म्हणून आकडा दिला असेल तर तोच घ्या, उगाच भर घालू नका.

भागिले नग, पण कुठले नग?

४ टक्के रिजेक्शन धरा आणि ३,००० चांगले नग हवेत. ३,००० वर ४ टक्के वाढवून ३,१२० टाकले तर हाती २,९९५ च येतात. ३,००० ला ०.९६ ने भागा: ३,१२५ नग टाकावे लागतात. बार ३७,५००, मजुरी आणि मशीन मिळून २५,०००, सेटअप ६०० आणि त्या वेळचं मशीन ३००. एकूण ६३,४००. वाया गेलेले १२५ नग भंगारात ४ रुपयांनी गेले, ५०० वजा. उरले ६२,९००. हे ३,००० चांगल्या नगांनी भागायचे: २०.९७ रुपये. ३,१२५ ने भागलं तर २०.१३ येतात आणि कोटेशनमध्ये प्रत्येक नगामागे ८४ पैसे घरून जातात. हे नेहमीच्या रिजेक्शनचं झालं. बार भलत्याच ग्रेडचा आला म्हणून अर्धी बॅच गेली, तर तो तोटा बॅचच्या माथी मारत नाहीत, थेट नफा-तोटा खात्याला नेतात.

तेवढीच बॅच? अजिबात गरज नाही

ईबीक्यूच्या आसपास एकूण खर्च फारसा हलत नाही. २,५०० ची बॅच: सेटअप ४,३२०, साठवण ३,०००. ३,६०० ची बॅच: सेटअप ३,०००, साठवण ४,३२०. दोन्हीकडे एकूण ७,३२०, म्हणजे किमान खर्चापेक्षा वर्षाला फक्त १२० रुपये जास्त. १८,००० ला ३,६०० ने पूर्ण भाग जातो, पाच बॅचमध्ये वर्ष निघतं आणि सेटरचा एक फेरा वाचतो. तेव्हा क्रेटमध्ये किती नग बसतात, बारचा बंडल किती नगांत संपतो, इन्सर्ट कुठे बदलावा लागतो हे बघून आकडा खुशाल सरकवा. उत्तरपत्रिकेत मात्र ३,०००च लिहा.