बाबांना स्मार्टफोन द्या आणि संध्याकाळची ट्रॅव्हल्स पकडा

पोळ्याला नाही तर दिवाळीला तुम्ही पुण्याहून गावी जाताच. या खेपेला बाबांसाठी फोन घेतलाच आहे, तर तो परतीच्या दिवशी, जेवणं उरकल्यावर बॅगेतून काढा. ट्रॅव्हल्स सुटेपर्यंत शिकवायला चांगला पाऊण तास मिळतो. दोन दिवस आधी दिला, तर बाबा प्रश्न विचारत बसतील.

सिमचा विचार अगोदर अजिबात करू नका. बाबांच्या बटनाच्या फोनातलं सिम जुनं, मोठ्या मापाचं आहे आणि नव्या फोनाला नॅनो लागतं, हे खोकं उघडल्यावर कळण्यातच मजा आहे. मग त्यांना गाडीवर मागे बसवून तालुक्याच्या दुकानात न्या. कापूस वेचून रेषा झिजलेला अंगठा मशीन घेणार नाही. दुसरं बोट लावून पाहा असं सुचवू नका, दुकानदारावर चिडा. नवं सिम सुरू झालं तरी पहिले चोवीस तास त्यावर एसेमेस येत नाहीत आणि जातही नाहीत. दुसऱ्याच्या नावाचं सिम काढून बँकेतला पैसा उडवणाऱ्यांना अडवण्यासाठी हा नियम आहे. म्हणजे ओटीपी येणार उद्या, आणि तुम्ही तेव्हा पुण्यात. नंबर तर फोनातच असतात, त्यामुळे जुन्या फोनातली नावं नव्या फोनात उतरवून घ्यायची गरज नाही. ती त्या फोनाच्या मेमरीत असोत की जुन्या सिममध्ये, नव्या सिमसोबत येत नाहीत, हे सवडीने कळेल.

आता मुख्य धडा, फोन उचलणे. तो एका वाक्यात आटोपा: "हिरवं दाबा, बाबा." प्रत्यक्षात बऱ्याच फोनांवर पडदा बंद असताना कॉल आला, तर हिरवं चिन्ह दाबून काही होत नाही, ते बोटाने सरकवावं लागतं. पडदा चालू असताना कॉल आला, तर वरती छोटी पट्टी येते आणि तिथे मात्र नुसतं टेकवायचं असतं. एकाच कामाच्या दोन रीती आहेत, हे सांगून बाबांना गोंधळात कशाला टाकायचं? ते आपले दाबत राहतील आणि म्हणतील, "हिरवं तं दाबून राह्यलो ना मी, उचलतच नाही थे!" काही फोनांत आवाज वाढवायच्या बटनाने कॉल घ्यायची आणि पॉवरच्या बटनाने तोडायची सोय सेटिंगमध्ये असते. ती सुरू केली की बाबांना खरंखुरं बटन परत मिळतं. म्हणूनच ती शोधू नका.

सराव तर मुळीच नको. काही चिकट मुलं ओसरीवर बसून दुसऱ्या फोनावरून कॉल लावतात, पाच वेळा पडदा बंद ठेवून, पाच वेळा चालू ठेवून, आणि फोन सगळा वेळ बाबांच्याच हातात राहू देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. अशाने म्हातारा माणूस शिकतो, आणि मग व्हिडिओ कॉल करून तुम्ही जेवलात का ते रोज विचारतो.

बाबांनी अडखळताच फोन हातातून ओढून घ्या आणि "अहो असं नाही, असं" म्हणत चार गोष्टी अशा वेगाने करा की तुमची बोटंही दिसू नयेत. त्यांची चूक कुठे होते ते पाहत बसू नका. नाहीतर दिसेल की ते चुकत नाहीत, जोर लावतात. बटनाच्या फोनाची सवय, त्यात डवरा धरलेलं बोट. पडद्याला जोर कळत नाही, वेळ कळतो. बोट अर्धा सेकंद टेकून राहिलं की तो त्याला 'दाबून धरणं' समजतो. मग चिन्ह हलतं, सरकतं, कधी पडद्यावरून गायबच होतं आणि बाबा म्हणतात, "व्हॉट्सअ‍ॅप उडालं." ते उडालेलं नसतं, फक्त पहिल्या पानावरचं चिन्ह गेलेलं असतं. सुलभतेच्या सेटिंगमध्ये 'दाबून धरण्याचा' अवधी वाढवता येतो, बऱ्याच फोनांत पहिलं पान कुलूपबंदही करता येतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्यात तुमची पाऊण तासातली दोन मिनिटं जातात.

वरून जाडजूड काच आणि फ्लिपचं पाकीट जरूर चढवा. कानाजवळचा सेन्सर त्याखाली झाकला गेला, की कॉलमध्ये पडदा काळा होतो तो काळाच राहतो आणि बाबांना फोन ठेवता येत नाही. समोरच्याने ठेवेपर्यंत घरातलं बोलणं त्याच्या कानावर. व्याह्यांचा फोन असेल तर उत्तमच.

जाता जाता बटनाचा फोन "आता काय करायचा" म्हणून गड्याला देऊन टाका. महिनाभर तो चार्ज करून कपाटात ठेवणारे लोक धीराचे कच्चे असतात. तुमची गाडी कारंज्याच्या पुढे गेली, की अनोळखी नंबरावरून कॉल येईल. तो उचला. बाबा शेजारच्यांच्या फोनावरून विचारत असतील, तुमचा नंबर नव्या फोनात कुठे आहे.