हजारांचे आभार, एका मिनिटात

गळके नळ दुरुस्त करणाऱ्या माणसावर भाषण करायची वेळ येईल, असं यूट्यूब चॅनल काढताना मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या व्हिडिओत एक नळ असतो, एक पाना असतो आणि दोन हात असतात. तोंड दिसत नाही, आणि त्याबद्दल आजवर कुणाची तक्रार आलेली नाही. पण हजार सबस्क्रायबर व्हायला आले तशी घरातली मंडळी म्हणू लागली, आता समोर येऊन आभार मानायलाच हवेत.

मी लिहायला बसलो. पेन हातात आलं आणि अंगात एकदम समारंभाचा अध्यक्ष संचारला. 'आज आपल्याशी संवाद साधताना मला अत्यंत आनंद होत आहे.' 'आपल्या ऋणातच राहणे मी पसंत करीन.' 'नावे घ्यायची तर यादी लांबेल, तरीही...' आणि पुढे खरोखरच यादी. ताई माझी कॅमेरामन. तिने मोबाइलवर घड्याळ लावून मला ते मोठ्याने वाचायला लावलं. सात मिनिटं भरली.

"नळाचा वॉशर किती वेळात बदलतोस?" तिने विचारलं.

"चार मिनिटांत."

"मग आभार त्याहून लवकर आटप."

गणित सोपं आहे. घाई न करता बोललं तर माझे मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द होतात. म्हणजे मिनिट-दीड मिनिटात बसवायचं तर दीडशे-पावणेदोनशे शब्दांच्या पुढे कागदावर काही ठेवायचंच नाही. हे शब्द मोजणं डोळ्यांनी वाचून जमत नाही. मनात वाचताना आपण सगळे फार वेगवान असतो. मोठ्याने वाचलं की जिथे जीभ अडखळते आणि जिथे आपल्यालाच लाज वाटते, ती वाक्यं आपोआप सापडतात. माझी बहुतेक सगळीच सापडली.

पहिली गेली ती सुरुवात. चॅनलचं फिरतं चिन्ह, 'नमस्कार मित्रांनो', 'बघता बघता', हे होईपर्यंत निम्मे लोक निघून जातात. हे मी निराशेने म्हणत नाही, यूट्यूब चॅनलवाल्याला सगळे आकडे जिथे दाखवतं त्या 'स्टुडिओ'तला आलेख म्हणतो. पहिल्या तीस सेकंदांनंतर किती जण उरले, तो आकडा तिथे वेगळा काढून दाखवतात, जणू आपण विचारलंच होतं. तेव्हा आभार पहिल्या वाक्यात मानून टाकायचे. जो पाचव्या सेकंदाला गेला, त्याला निदान ते घेऊन तरी जाऊ द्यावेत.

मग गेली नावांची यादी. हजारांची नावं मला माहीतच नाहीत, आणि कळणारही नाहीत. कुणी काय सबस्क्राइब केलंय, ही माहिती बरेच जण खासगी ठेवतात. स्टुडिओत फक्त उघडी ठेवलेली नावं दिसतात. त्यातली दहा घ्यायची आणि उरलेल्यांना 'इतर' म्हणायचं, म्हणजे नऊशे नव्वद जणांना निमंत्रण देऊन दारात उभं करण्यासारखं.

राहिली विशेषणं. 'अमूल्य साथ', 'भरभरून प्रेम'. ताई प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायची: "म्हणजे नक्की काय केलं त्यांनी?" या प्रश्नाने आभाराचं भाषण पार उघडं पडतं. मग खरंच आठवावं लागलं. एकाने लिहिलं होतं, नवा वॉशर घातला तरी नळ गळतोय. तेव्हा मी नळाच्या आतल्या सीटवर व्हिडिओ केला. सीटला खाच पडली असेल तर तिच्यावर दाबला जाणारा प्रत्येक नवा वॉशर कापला जातो. आज चॅनलवर सगळ्यात जास्त तोच बघितला जातो. एवढं आठवल्यावर 'अमूल्य' लिहायची गरज पडली नाही.

अडचण एकच होती. प्रामाणिक राहायचं तर हेही सांगायला हवं, की माझे व्हिडिओ बघणारे आणि सबस्क्राइब करणारे बऱ्याच अंशी वेगळे लोक आहेत. ज्याच्या घरी पाणी टपटपतंय तो शोधत येतो, नळ बंद करतो आणि जातो. मग नळ ठीक असताना इथे थांबलेले हे हजार जण कोण? यावर मी फार विचार केला. काही नातेवाईक आहेत, एवढाच छडा लागला.

पैशांचा परिच्छेद मी स्वतःहून कापला. काका रोज विचारत होते, "हजार झाले ना? मग सुरू झाले का पैसे?" जाहिरातीचे पैसे मिळायला हजारांच्या जोडीला गेल्या बारा महिन्यांत ४,००० तास बघणं झालेलं असावं लागतं. प्रत्येकाने सरासरी चार मिनिटं बघितलं, तर त्यासाठी ६०,००० वेळा व्हिडिओ बघितला जायला हवा. शॉर्ट्सच्या फीडमधलं बघणं यात धरत नाहीत. हे काकांना समजावणं ठीक, पण आभार मानता मानता तासांचा हिशेब काढला की ऐकणाऱ्याचा हात खिशाकडे जातो. 'आता दहा हजारांकडे' हे वाक्यही त्याच कारणाने गेलं.

शेवटी उरलं ते हे:

"हजार झालात, मनापासून आभार. माझा चेहरा तुम्ही पहिल्यांदाच बघताय. हात जास्त बरे आहेत, मला कल्पना आहे. नळ दुरुस्त झाला की माणसाने निघून जावं, हे अगदी बरोबर. तरी तुम्ही थांबलात. का, ते मला अजून कळलेलं नाही. तुमच्यातल्या एकाने विचारलं म्हणून सीटचा व्हिडिओ झाला. बऱ्याच जणांनी 'आवाज येत नाही' असं लिहिलं, म्हणून माइक आला. हजारांत माझे काही नातेवाईकही आहेत. त्यांचे नळ मी घरी जाऊन दुरुस्त करतो, त्यामुळे त्यांनी एकही व्हिडिओ बघितलेला नाही. त्यांचेही आभार. पुढचा व्हिडिओ फ्लशच्या टाकीवर. तोवर घरातला मेन कॉक कुठे आहे, तेवढं बघून ठेवा."

नेहमीच्या चालीत वाचलं, थोडं थांबत थांबत, तरी मिनिटाच्या आत.

चित्रीकरण झाल्यावर कळलं की शेवटचे 'हा व्हिडिओही बघा' हे चौकोन अखेरच्या पाच ते वीस सेकंदांतच बसतात, आणि ते नेमके माझ्या नाकावर बसत होते. मग ताईने मला फ्रेमच्या डाव्या कडेला सरकवलं. बघणाऱ्याला वाटेल, उजवीकडून कुणीतरी येणार आहे.

व्हिडिओ लगेच टाकला नाही. आकडा १,०००ला टेकतो, एखादं खातं बंद होतं आणि ९९९ होतात. हजाराच्या आत लोकांना नेमका आकडा दिसतो. हजाराच्या वर गेलं की तो गोल करून दाखवतात. 'हजार झालात' म्हणणाऱ्या माणसाच्या खाली ९९९ दिसले, तर आभार परत घ्यावे लागतात की काय, ते मला माहीत नव्हतं. दहा-बारा जास्तीचे जमेपर्यंत थांबलो.

टाकल्यावर सगळ्यात आधी काकांचा फोन आला. त्यांनी शेवटपर्यंत बघितला होता, मी गहिवरलोच. म्हणाले, "छान बोललास. आमची पण फ्लशची टाकी वाहतेय, व्हिडिओ कशाला, रविवारी येऊनच जा."