आडनाव बदलायचंय? आधी रजा साठवा

लग्नानंतर बाईने आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा भारतात नाही. म्हणूनच बदला. कायद्याने सांगितलेलं कुणीही करतं. न सांगितलेलं निमूटपणे करण्यातच खानदान दिसतं.

शिवाय आपल्याकडे नुसतं आडनाव बदलून भागत नाही. समजा, तुम्ही स्वाती विष्णू जाधव आहात आणि देशमुखांच्या रोहनशी लग्न करताय. आडनाव गेलं, मधलं विष्णूही गेलं. वर ताटात तांदूळ पसरून अंगठीने ‘सानिका’ लिहिलं गेलं, की तीन शब्दांतला एकही तुमचा उरला नाही. सासूबाई म्हणतील, ‘हौस म्हणून गं, कागदावर थोडंच आणायचंय!’ तुम्ही मात्र आणाच. फक्त वडिलांचं नाव आणि आडनाव बदलायचं असेल तर बहुतेक ठिकाणी विवाह नोंदणीचा दाखला पुरतो. पहिलं नावही बदललं, की राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. इतक्या सहजासहजी सरकारी छापखान्यात नाव छापून येण्याचा योग दुसऱ्या कशाने येणार?

आता क्रम. शहाणी माणसं आधी दाखला, मग आधार, मग पॅन, मग बँक आणि पीएफ असं जातात. तुम्ही तसं करू नका, त्यात मजा नाही. उत्साहात आधी पॅन बदला. आधार जाधव, पॅन देशमुख, बँकेत अजून जाधवच. मग इन्कम टॅक्सचा रिफंड येण्याची वाट बघा. बँक खात्यावरचं नाव पॅनशी जुळत नाही म्हणून खात्याची पडताळणी अडते आणि रिफंड तिकडेच राहतो. पैसे तुमचे, खातं तुमचं, फक्त तुम्ही तुम्ही नाही.

तरीही आधार केंद्रात एक दिवस जावंच लागतं. तिथला मुलगा इंग्रजीत नाव टाइप करतो, मराठी मशीन आपोआप उमटवतं. मग तो स्क्रीन तुमच्याकडे वळवून म्हणतो, ‘मॅडम, बघून घ्या.’ मागे रांग असते, कडेवरच्या एका बाळाने सूर लावलेला असतो, आणि तुम्ही ‘हो, बरोबर’ म्हणता. पावती घरी आणून नीट वाचता तेव्हा कळतं की रोहनचा ‘रोहान’ झालाय. घाबरू नका. आधारवर नाव आयुष्यात दोनदा बदलता येतं. एकदा लग्नाचं झालं, दुसरी संधी या काना-मात्रेवर खर्च करा. तिसऱ्यांदा गरज पडली तर केंद्रावर काम होत नाही; वरच्या कार्यालयाकडे दाद मागत बसावं लागतं.

पीएफ सगळ्यात शेवटी आठवावा, म्हणजे नोकरी सोडताना. तिथे नाव जाधव, कारण रुजू झालात तेव्हा तुम्ही जाधव होतात. आधारवर देशमुख. नावं जुळत नाहीत म्हणून दावा परत. मग नाव दुरुस्तीसाठी जॉइंट डिक्लेरेशन भरा. पीएफचा यूएएन क्रमांक जुना असेल, तर त्यावर कंपनीची मंजुरीही लागते. कंपनीतल्या ज्या बाई तुम्हाला ओळखायच्या, त्या मध्यंतरी नोकरी सोडून गेलेल्या असतात. त्यांच्या जागचा मुलगा फोनवर विचारतो, ‘जाधव मॅडम की देशमुख मॅडम? दोघींपैकी कोण बोलताय?’

दहावीची मार्कशीट मात्र जाधवच राहू द्या. पुढे कुठेही अर्ज करताना तिच्यासोबत लग्नाचा दाखला जोडता येतो. हुशारी कोणत्या घरातली आणि आडनाव कोणत्या घरातलं, हे त्यातून स्वच्छ कळतं.

या सगळ्या धावपळीत मध्येच कधीतरी नवं पॅन कार्ड टपालाने आलेलं असेल. पाकीट फोडा. वर सानिका रोहन देशमुख, आणि खाली, वडिलांचं नाव: विष्णू जाधव. पॅनसाठी विवाहित बाईनेही वडिलांचंच नाव द्यायचं असतं, नवऱ्याचं चालत नाही. इतके हेलपाटे घालून ज्यांना मधून काढलं, ते बाबा एक ओळ खाली सरकून बसलेत.

रोहनचं काय, असा प्रश्न पडेल. त्याचीही धावपळ झाली. ऑफिसच्या फॉर्ममध्ये ‘अविवाहित’च्या जागी ‘विवाहित’ करायला त्याला लॉगिनचा पासवर्ड आठवेना.

आता एक शेवटची तयारी, वाईट वाटून घेऊ नका. माहेरचं आडनाव परत घ्यायची वेळ आलीच, तर केंद्राच्या प्रकाशन विभागाने राजपत्रासाठी त्याचीही सोय काढली होती: घटस्फोटाचा हुकूमनामा आणा, नाहीतर नवऱ्याचं ना-हरकत पत्र. 2024 साली एक बाई त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. तुम्ही कोर्टाच्या फंदात पडू नका. विवाह नोंदणीच्या दिवशी नवरा खुशीत असतो, पेन हातात असतंच. आणखी एका कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवा.