झेनरचा रेझिस्टर एका आकड्यावरून काढता येत नाही

"12 व्होल्टवरून 5 व्होल्ट हवेत? 5.1 चा झेनर लावा. रेझिस्टर म्हणजे सप्लाय वजा झेनर, भागिले लोडचा करंट. शंका असेल तर थोडा लहान घ्या, लहान रेझिस्टर केव्हाही सेफ. पूर्ण लोड लावून झेनर तापत नाही ना एवढं बघा. मग सप्लाय कितीही हलू दे, आउटपुट 5.1 वरच राहणार."

झेनर डायोड आणि एक रेझिस्टर घेऊन व्होल्टेज स्थिर ठेवायचं म्हटलं की असा सल्ला मिळतो. त्यातली एकेक गोष्ट तपासू.

आधी सूत्र

वजाबाकी आणि भागाकार बरोबर आहेत. घोळ आहे तो त्यात कोणते आकडे घालायचे इथे. सोलर पॅनेलवर चार्ज होणारी 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी घेऊ. ती उतरली की 10.5 व्होल्टवर येते आणि चार्ज होताना 14.5 पर्यंत चढते. नेमकी 12 वर ती फारशी नसतेच. लोड म्हणजे एक छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, जो एरवी 5 मिलीॲम्पिअर घेतो आणि एलईडी, सेन्सर चालू झाले की 30. झेनर 1N4733A, एक वॅटचा.

वरच्या सूत्राने 6.9 भागिले 0.030, म्हणजे 230 ओहम. बाजारात 220 मिळतो, तो लावला. आता बॅटरी उतरून 10.5 वर आली. रेझिस्टरवर जास्तीत जास्त 5.4 व्होल्ट पडू शकतात, म्हणजे त्यातून साडेचोवीस मिलीॲम्पिअर येतात. बोर्डाला हवेत 30. झेनरला द्यायला काहीच उरत नाही, उलट तूटच आहे. बोर्डाने 30 चा हट्ट सोडला नाही तर आउटपुट 3.9 व्होल्टपर्यंत खाली येतं आणि मायक्रोकंट्रोलर रीसेट होऊ लागतो. मग लोक प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात.

खरं तर या सूत्रात झेनरच्या वाट्याचा करंट धरलेलाच नाही. रेझिस्टरमधून आलेला करंट लोड आणि झेनर वाटून घेतात. लोडने कमी घेतलं की उरलेलं झेनर गिळतो, यावरच सगळं रेग्युलेशन उभं आहे. म्हणून सगळ्यात वाईट वेळीही त्याच्याकडे थोडा करंट उरला पाहिजे. ही वाईट वेळ म्हणजे सप्लाय सर्वांत कमी आणि लोड सर्वांत जास्त. 1N4733A चा डेटाशीट सांगतो की 1 मिलीॲम्पिअरला त्याचा अंतर्गत रोध 550 ओहमपर्यंत असू शकतो, आणि 49 ला तोच 7 ओहम. इतक्या कमी करंटवर त्याच्याकडून कामाची अपेक्षा नको. मी किमान 5 धरतो:

```
Rs(max) = (10.5 − 5.1) / (0.030 + 0.005) ≈ 154 Ω
```

लहान रेझिस्टर सेफ असतो का?

लोडसाठी असेल, झेनरसाठी नाही. समजा 47 ओहम लावला. दुपारी पॅनेल जोरात आहे, बॅटरी 14.5 वर, आणि कोणीतरी बोर्डाचा कनेक्टर काढला. रेझिस्टरवर 9.4 व्होल्ट, करंट 200 मिलीॲम्पिअर, आणि तो सगळाच्या सगळा झेनरमध्ये. डेटाशीटमध्ये कमाल आकडा 178 आहे. झेनरमध्ये एक वॅटहून जास्त आणि रेझिस्टरमध्ये जवळजवळ 1.9 वॅट उष्णता होते. झेनर बहुधा शॉर्ट होऊन जातो, आणि मग पूर्ण 14.5 व्होल्ट त्या बिचाऱ्या रेझिस्टरवर पडतात.

म्हणजे खालूनही मर्यादा हवी. ती काढताना सप्लाय सर्वांत जास्त आणि लोड सर्वांत कमी धरायचा. कनेक्टर निघू शकत असेल तर लोड शून्य धरा, 5 नव्हे. झेनर एक वॅटचा असला तरी बंद डब्यात, लहान पायांवर, एप्रिलच्या उन्हात मी त्याला अर्ध्या वॅटच्या पुढे नेत नाही. अर्धा वॅट म्हणजे साधारण 98 मिलीॲम्पिअर:

```
Rs(min) = (14.5 − 5.1) / (0.098 + 0) ≈ 96 Ω
```

तर जागा आहे 96 ते 154 च्या मध्ये. 150 घेण्याचा मोह होतो, पण पाच टक्क्यांचा 150 हा 157 ही निघू शकतो आणि झेनरचे स्वतःचे पाच टक्के वेगळेच. 120 घ्या. उतरलेल्या बॅटरीवर त्यातून 45 मिलीॲम्पिअर येतात, पूर्ण लोड जाऊन झेनरला 15 उरतात. चार्ज होत असताना, लोड काढल्यावर, झेनरमध्ये 78 जातात, म्हणजे 0.4 वॅट. रेझिस्टरमध्ये मात्र 0.74 वॅट. दुकानात वॅट न सांगता मागितला तर पाव वॅटचाच हातात पडतो आणि तो इथे काळा होणार. दोन वॅटचा मागा.

हाच लोड 100 मिलीॲम्पिअरचा असता तर? वरची मर्यादा 51 ओहमवर येते, खालची 96 वरच राहते. दोन्ही अटी पाळणारा रेझिस्टरच अस्तित्वात नाही. अशा वेळी मधला कुठला तरी आकडा घेऊन तडजोड करण्यात अर्थ नसतो. पाच वॅटचा झेनर घेऊन उष्णता सोसा, नाहीतर सरळ 7805 हा 5 व्होल्टचा तयार रेग्युलेटर लावा.

पूर्ण लोडवरची चाचणी

ही चाचणी नेमकी उलटी आहे. या सर्किटमध्ये पूर्ण लोडवर झेनर सर्वांत थंड असतो, कारण करंट लोडकडे गेलेला असतो. तापतो तो लोड काढल्यावर. टेबलावर बदलता येणारा सप्लाय असेल तर दोन टोकं तपासा. 14.5 वर लोड काढून दहा मिनिटं ठेवा, मग झेनर आणि रेझिस्टर किती तापले ते बघा. हात लावताना जपून. नंतर पूर्ण लोड लावून सप्लाय हळूहळू खाली आणा. झेनर काम करत असेपर्यंत सप्लाय एक व्होल्ट उतरला तर आउटपुट काही दशांश नव्हे, काही शतांश व्होल्टच हलतं. एका ठिकाणी ते एकदम सप्लायच्या मागे धावू लागतं. तिथे झेनर सुटला. हा आकडा 10.5 च्या चांगला खाली असायला हवा. बॅटरीऐवजी ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज असेल तर मल्टिमीटरवर दिसणारा आकडा सरासरी असतो. किमान सप्लाय म्हणून रिपलची दरी, म्हणजे व्होल्टेजच्या चढउतारातला सर्वांत खालचा बिंदू धरा, ती ऑसिलोस्कोपवरच दिसते.

5.1 वरच राहणार?

5.1 हा आकडा 49 मिलीॲम्पिअरवरचा आहे. आपल्या सर्किटमध्ये झेनरचा करंट 15 ते 78 फिरतो. 63 चा फरक गुणिले 7 ओहम, म्हणजे 0.44 व्होल्ट, आणि कमी करंटला रोध वाढतो म्हणून प्रत्यक्षात आणखी थोडा जास्त. तापमानाने मात्र 5 व्होल्टच्या आसपासचे झेनर फारसे हलत नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मायक्रोकंट्रोलरला अर्ध्या व्होल्टची ही हालचाल चालून जाते. पण त्याच 5 व्होल्टला संदर्भ धरून सेन्सर मोजणार असाल तर ढग आला की रीडिंग बदलेल. मोजणीचा संदर्भ TL431 सारख्या अचूक व्होल्टेज देणाऱ्या आयसीकडून वेगळा घ्या.