उठत नाही, पण इंग्रजीत

“अरे, मराठी विनोद इंग्रजीत नेला की मरतो. गोऱ्यांना काय कळणार त्यातलं? बंटीच्या भाषणाची उगाच वाट लावू नकोस.”

हा आमच्या दादाचा, म्हणजे मोठ्या चुलतभावाचा मेसेज. पक्याचं लग्न आठवड्यावर आलेलं, मी इथे इंग्लंडात रेडिंगला सकाळी सहा वाजता पावसात बिन बाहेर काढतोय आणि फोनवर हे फर्मान. डोकंच फिरलं. ज्या माणसाची दोन्ही पोरं इंग्लिश मिडियमला, जो नातवाला “बेटा, शूज काढ” म्हणतो, तो मला मराठी मरते म्हणून सांगणार! आमच्या ऑफिसातल्या पोलिश पोरीच्या लग्नात तिच्या भावाचं भाषण दोन भाषांत झालं, सगळे पोट धरून हसले, कुणी म्हणालं नाही की पोलिश मेली. (तिथे व्होडका होती, हे मी दादाला सांगितलं नाही.)

तर भानगड अशी. पक्याची बायको ब्रिस्टलची, तिच्याकडचे बावीस जण नाशकात गंगापूर रोडच्या लॉन्सवर येणार. बंटी हा पक्याचा शाळेपासूनचा दोस्त, भाषण करणार तोच, आणि तो फक्त मराठीतच हसवू शकतो. इंग्रजीचं काम माझ्याकडे, कारण मी “तिकडचा”. काकूंना तर हा प्रकारच कळला नव्हता, त्या म्हणाल्या, “टोस्ट कशाला, चहाबरोबर खारी ठेवू की.”

पहिलाच विनोद घ्या. बंटीनं लिहिलेलं: “मित्रासाठी, आईसाठी, रात्री दोन वाजता जरी फोन केला, तरी हा माणूस गादीवरून उठत नाही.” मी जसंच्या तसं इंग्रजी केलं, “धिस मॅन डझ नॉट गेट अप” वगैरे, आणि बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मग?” म्हणजे दादाचं खरं होतं की काय, असं दोन दिवस वाटत राहिलं.

उत्तर मिळालं पंचवटीतल्या मामांकडून. मामा रिटायर्ड मराठीचे मास्तर, इंग्रजी बेताचं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “तुझ्या इंग्रजीत ‘नाही’ कुठे येतं?” आणि टाळकं उघडलं. आपल्याकडे “नाही” क्रियापदाच्याही मागे, अगदी शेवटी येतं. “उठत” म्हणेपर्यंत लोकांना वाटतं कौतुक चाललंय, आणि मग बंटी थांबून “नाही” टाकतो. इंग्रजीत “नॉट” आधीच येऊन बसतो, क्रियापदाच्या पुढ्यात, म्हणजे फटाक्याची वात पेटवायच्या आधीच आवाज. मग शेवटी यायला दुसरा शब्द शोधायचा, “नाही”चा नाद सोडून. शेवटी झालं ते असं: “फॉर अ फ्रेंड, फॉर हिज मदर, इव्हन अ‍ॅट टू इन द मॉर्निंग, यू कॅन काउंट ऑन धिस मॅन टु बी फास्ट अस्लीप.” गादी गेली, उठणं गेलं, नकार गेला. पण कौतुक वाटता वाटता शेवटच्या शब्दाला पाय घसरतो तो तसाच राहिला, आणि बंटीला फक्त तेवढंच हवं होतं.

दुसरा विनोद कुंभाचा. 2015 च्या सिंहस्थात आई म्हणाली लग्न कर, पक्या म्हणाला पुढचा कुंभ येऊ दे. “आई, पोरगं शब्दाचं पक्कं निघालं, 2027 च्या आधीच उभं राहिलं, नाशकात वेळेआधी झालेलं हे एकमेव काम!” आता ब्रिस्टलकरांना कुंभ काय सांगणार? दादाचा पोरगा म्हणाला, “ऑलिम्पिक टाका ना काका, सोपं.” अर्धं बरोबर होतं त्याचं, पण ऑलिम्पिक चार वर्षांनी येतं, त्यात टाळाटाळीची मजा काय? बारा वर्षं हवीतच. आणि पंचलाइनीच्या आधी थांबून समजावत बसलात तर मेलात. म्हणून बंटीला सांगितलं की सुरुवातीला पाहुण्यांचं स्वागत करताना सहज बोल, आमच्या गावात बारा वर्षांनी एक मेळा भरतो, लाखो लोक रामकुंडावर अंघोळीला येतात, पुढचा 2027 ला, तेव्हा परत या. एवढं पेरलं आणि विसरून गेलो. पाच मिनिटांनी विनोद आला तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. “वेळेआधी झालेलं एकमेव काम” याला तर ब्रिस्टलचे आपल्या लोकांपेक्षा जास्त हसले. त्यांच्या ट्रेन ज्यानं पकडल्यात त्याला कळेल.

तिसरा मात्र खरंच मेला. “छत्तीस वर्षं मान खाली घालून फिरणारा आज एकदाचा वर झाला.” वर म्हणजे नवरा आणि वर म्हणजे वर, याला इंग्रजीत काय डोंबल करणार? पुतण्यानं सुचवलं, “हिज मदर हॅज बीन ग्रूमिंग हिम.” मला आवडलंही. नशीब, नवरीच्या बहिणीला आधी दाखवलं. तिचा चेहरा पांढरा पडला, कारण तिकडे तो शब्द आता पोलीस केसचा, लहान मुलांना जाळ्यात ओढण्याचा. पंधरा वर्षं तिकडे राहून मला हे सुचू नये! मग तो वाक्यातून काढला आणि फिरवून घेतला: आईनं छत्तीस वर्षं त्याला “वेल-ग्रूम्ड” करायचा प्रयत्न केला, शेवटी “ग्रूम”वर समाधान मानलं. हा बंटीचा विनोद नाही, हे कबूल. त्याच्या जागी ठेवलेला दुसरा विनोद आहे. मामांना विचारलं, हे भाषांतर म्हणायचं का? मामा म्हणाले, “हशा पडला ना?” पण मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही.

प्रत्यक्षात बंटी दोन वाक्यं मराठीत, मग मी इंग्रजीत, असं चाललं. सहा मिनिटांचं तेरा मिनिटं झालं, म्हणून रिहर्सलनंतर तीन किस्से उडवले. मराठी हशा ओसरत आला, पूर्ण थांबायच्या आत, तेव्हा मी सुरू करायचं, नाहीतर पाहुण्यांना वाटतं आपल्यावर हसतायत. दादा पहिल्या रांगेत होता. “फास्ट अस्लीप”ला तो दुसऱ्यांदा हसला, मी बघितलं. नंतर जेवताना मला म्हणाला, “ठीक झालं, पण मराठीतलं ते मराठीतलं.” आणि मग त्यानं स्वतःच्या मुलाच्या लग्नात डीजेनं कसा घोळ घातला ते अर्धा तास सांगितलं.

एक गोष्ट दादाला सांगितली नाही. शेवटचा परिच्छेद बंटीनं आदल्या रात्री बदलला होता. “पक्या, आम्ही इथेच आहोत. तू ब्रिस्टलला जाशील, येशील, आम्ही कॉलेज रोडला त्याच कट्ट्यावर असू.” मला कागद मिळाला तेव्हा मी तीनदा वाचला. आम्ही. आपण नाही. कट्ट्यावरच्या त्या चौघांत मीही होतो, पण “आम्ही”त मी नव्हतो, मी पक्याच्या बाजूचा, जाणारा-येणारा. बंटीनं मुद्दाम लिहिलं नसणार, त्याला ते तसंच दिसतं, एवढंच.

इंग्रजीत दोन्हीला एकच “वी”. तिथे काही अडलंच नाही, पहिल्या फटक्यात भाषांतर झालं. माइक घेतला आणि म्हणालो, “वी विल बी हिअर.” ब्रिस्टलच्या एका आजीबाईंनी डोळे पुसले, आणि नंतर येऊन मला विचारलं, त्या कट्ट्यावर तुम्ही रोज बसता का.

मी हो म्हणालो.