कानात किडा, कानात हरभरा: त्या मेसेजला उत्तर

"कानात किडा किंवा दाणा गेला तर डॉक्टरकडे पळू नका. टॉर्च दाखवा, किडा आपोआप बाहेर येतो. नाही आला तर लसणाचं गरम तेल सोडा. दाणा असेल तर पाणी सोडून पिनेने काढा. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

टॉर्चचं म्हणाल, तर दिव्यावर झेपावणारं पाखरू कदाचित येईलही. पण रात्री झोपेत कानात शिरतं ते बऱ्याचदा झुरळ, आणि झुरळ उजेडापासून पळतं. शिवाय अरुंद नळीत त्याला मागे वळता येत नाही, म्हणून ते पडद्याकडेच सरकत राहतं. तो आवाज आणि वेदना असह्य असतात. मेंदूत मात्र ते जात नाही, वाटेत पडदा आहे.

तेल बरोबर आहे, पण गरमही नको आणि लसणाचंही नको. गरम तेलाने कातडी भाजते, आणि तेल फार गार किंवा गरम असेल तर गरगरून उलटी होते, कारण तोल सांभाळणारा अवयव आतच आहे. साधं खोबरेल घ्या. थिजलं असेल तर बाटली कोमट पाण्यात ठेवा आणि थेंब मनगटावर टाकून पाहा: गरम किंवा गार काहीच जाणवता कामा नये. माणसाला कुशीवर निजवून तो कान वर करा. मोठ्या माणसाची पाळी वर आणि मागे ओढा, लहान मुलाची खाली आणि मागे. कान भरेपर्यंत तेल सोडून पाचदहा मिनिटं थांबा. किडा गुदमरून मरतो, वळवळ थांबते. मग कूस बदलून तेल गळू द्या. किडा अख्खा बाहेर आला नाही तर डॉक्टरांकडे जाच, तुटलेला पायही आत सुजवतो. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल किंवा कानात नळी बसवली असेल तर तेलसुद्धा नको.

आता दाण्याचं. रात्री भिजत घातलेला हरभरा सकाळी केवढा होतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. कानात पाणी सोडलं की तेच होतं आणि दाणा घट्ट बसतो. पिनेचं तर त्याहून वाईट. समजा, चार वर्षांच्या मुलीच्या कानात हरभरा तोंडाशीच दिसतोय. पीन गुळगुळीत दाण्यावरून घसरते, मुलगी मान झटकते, आणि नळीचा सर्वांत अरुंद भाग ओलांडून दाणा पडद्यापाशी जातो. कानाच्या डॉक्टरांनी आकड्याने मिनिटभरात काढला असता, त्यासाठी आता भूल द्यावी लागू शकते. तो कान खाली करून डोकं हलकेच हलवा. नाही पडला तर हात न लावता दवाखाना गाठा.

आणि मेसेजमध्ये नसलेली गोष्ट: खेळण्यातला बटण सेल. त्यावर तेल, पाणी, औषध, काहीच घालायचं नाही. ओलाव्याने तो काही तासांतच कातडी जाळतो, म्हणून रात्र असली तरी लगेच निघा. तसाच दुसरा सेल घरात असेल तर डॉक्टरांना दाखवायला सोबत घ्या.